भाव घसरतो तेव्हा बँड आखडतात कसे?

बिटकॉइन वीस दिवस चढतो, मग चार दिवस घसरतो. घसरणीच्या या चार दिवसांत बाजार आधीपेक्षा जास्त अस्वस्थ आहे, हे कॅंडल बघूनच कळतं, कारण त्या लांब झालेल्या असतात. आणि नेमक्या याच दिवसांत बोलिंजर बँड फाकण्याऐवजी एकमेकांकडे सरकताना दिसतात. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी चार्टच्या सेटिंगमध्ये काय चुकलंय ते शोधत बसलो होतो. चुकलं काहीच नव्हतं. हे बँड ज्यावर उभे असतात ते प्रमाण विचलन मोजतं एक गोष्ट आणि मी समजत होतो वेगळीच.

चढत्या ट्रेंडमधला पुलबॅक बघताना प्रश्न साधा असतो: ही घसरण या बाजाराच्या नेहमीच्या हालचालीत बसणारी आहे की त्यापलीकडची? उत्तरासाठी मोजपट्टी लागते. चार्टवर ती दोन रूपांत मिळते. एक एटीआरवर उभा असलेला चॅनल, म्हणजे केल्टनर चॅनल. दुसरी प्रमाण विचलनावर उभे असलेले बोलिंजर बँड. दोन्हींत मधे एक सरासरी आणि वर-खाली एकेक रेषा असते, त्यामुळे दिसायला ती जुळी भावंडं वाटतात. पण वरच्या-खालच्या रेषा किती लांब ठेवायच्या, हे ती अगदी वेगळ्या पद्धतीने ठरवतात.

एटीआर म्हणजे ॲव्हरेज ट्रू रेंज. तो वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. दिवसाच्या हाय आणि लोमधलं अंतर घ्यायचं. कालच्या क्लोजपासून आजचा हाय किंवा लो त्याहून दूर असेल, तर ते मोठं अंतर घ्यायचं. ही झाली त्या दिवसाची ट्रू रेंज. कालच्या क्लोजची अट आली ती कमोडिटी बाजारांमुळे, कारण तिथे रात्री बाजार बंद असतो आणि सकाळी भाव उडी मारून उघडतो. चोवीस तास चालणाऱ्या कॉइनमध्ये अशी उडी क्वचितच असते, म्हणून तिथे ट्रू रेंज म्हणजे जवळजवळ हाय वजा लो. मग आजचा एटीआर काढायला कालच्या एटीआरला १३ ने गुणायचं, आजची ट्रू रेंज मिळवायची आणि १४ ने भागायचं. थोडक्यात, हा बाजार एका दिवसात साधारण किती हलतो, त्याची ही संथपणे बदलणारी सरासरी.

बोलिंजर बँड दिवसभरातल्या हालचालीकडे बघतच नाहीत. ते गेल्या २० दिवसांचे फक्त क्लोज घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि प्रत्येक क्लोज त्या सरासरीपासून किती दूर आहे ते मोजतात. त्या अंतरांचे वर्ग, वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ, की झालं प्रमाण विचलन. त्याच्या दुपटीवर वर एक रेषा, खाली एक रेषा. यात कळीचा शब्द आहे ‘सरासरीपासून’. भाव सरळ चढत असेल तर वीस दिवसांपूर्वीचा क्लोज सरासरीच्या बराच खाली असतो आणि आजचा बराच वर. बाजार एका रेषेत, जराही न डगमगता चढला तरी प्रमाण विचलन मोठं येतं. म्हणजे ज्याला आपण अस्थिरता समजतो, त्या आकड्यात ट्रेंड स्वतःच मिसळलेला असतो.

हे आकड्यांत बघू. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत. कॉइनचा भाव रोज बरोबर ६०० डॉलरने वाढतोय. विसाव्या दिवशीचा क्लोज ७२,००० आहे, म्हणजे पहिल्या दिवसाचा ६०,६००. दिवसभरातला चढउतार सरासरी २,०००, म्हणून एटीआर २,०००. वीस दिवसांची साधी सरासरी ६६,३०० येते. हाच चढ आधीपासून चालू असेल तर केल्टनरच्या मधे असणारी वीस दिवसांची एक्स्पोनेन्शिअल सरासरीही तेवढीच येते, कारण सरळ चढणीत दोन्ही सरासऱ्या साडेनऊ दिवस मागे असतात आणि साडेनऊ गुणिले ६०० म्हणजे ५,७००. तेव्हा मधली रेषा दोन्हीकडे एकच. आता फक्त रुंदीचा फरक उरतो.

प्रमाण विचलन येतं सुमारे ३,४६०. बोलिंजरची वरची रेषा ७३,२२० वर, खालची ५९,३८० वर. भाव वरच्या रेषेच्या आत आहे, अगदी शांत. केल्टनरमध्ये मात्र दोन एटीआर म्हणजे ४,०००, त्यामुळे वरची रेषा ७०,३०० वर आणि खालची ६२,३०० वर. इथे भाव चॅनल फाडून १,७०० ने बाहेर गेलाय. त्याच क्षणी एक पट्टी म्हणते सगळं नेहमीसारखं आहे, दुसरी म्हणते ही चाल असाधारण आहे.

मला यातला सर्वांत बोलका आकडा वाटतो तो १.६५. सरळ चढणीत भाव सरासरीच्या १.६५ प्रमाण विचलन वर असतो, आणि रोज १०० ने चढला काय किंवा १,००० ने चढला काय, हा आकडा हलत नाही. चढ जितका तीव्र, तितकेच बँडही रुंद, म्हणून गुणोत्तर जागच्या जागी. चढ संथ होता की घाईचा, हे बोलिंजरला विचारून कळणार नाही. एटीआरने मोजलं तर कळतं. रोज ६०० ने चढताना भाव सरासरीच्या २.८५ एटीआर वर आहे. रोजचा चढउतार तेवढाच राहून चढ ३०० चा असता, तर तो १.४ एटीआरच्या आसपास असता. पुलबॅक कुठून सुरू झाला, म्हणजे त्याआधी भाव किती ताणला गेला होता, हे कळायला हाच फरक कामाला येतो.

आता घसरण. पुढचे चार क्लोज ७०,५००, ६९,०००, ६७,८०० आणि ६६,९००. चार दिवसांच्या ट्रू रेंज २,६००, २,८००, २,६०० आणि २,४००, म्हणजे चारही दिवस आधीच्या सरासरीपेक्षा जास्त उलथापालथ. एटीआर त्याप्रमाणे वाढतो, २,००० वरून सुमारे २,१५० होतो. एक्स्पोनेन्शिअल सरासरी ६६,९९० च्या आसपास येते आणि केल्टनरची खालची रेषा ६२,३०० वरून ६२,६९० वर. जेमतेम चारशेची हालचाल.

बोलिंजरकडे बघा. प्रमाण विचलन ३,४६० वरून २,५८० वर उतरलं. पाव भाग गेला! सरासरी वर सरकून ६७,७१० झाली. खालची रेषा ५९,३८० वर होती ती आता ६२,५५० वर आली. भाव पाच हजारांनी खाली आला आणि त्याच काळात खालची रेषा तीन हजारांनी वर आली, जणू त्याला अर्ध्या वाटेत भेटायला निघालीय. कारण सोपं आहे. वीस दिवसांच्या खिडकीच्या मागच्या टोकाचे चार सर्वांत खालचे क्लोज बाहेर पडले, आणि आत आलेले चार नवे क्लोज सरासरीच्या आजूबाजूचे होते. भाव परत मध्याकडे आला म्हणजे क्लोज एकमेकांजवळ आले, आणि प्रमाण विचलनाच्या भाषेत एकमेकांजवळ म्हणजे शांत. उलथापालथ वाढली ती दिवसांच्या आत, आणि तिथे बघायला त्याला डोळेच नाहीत.

शिखरापासून एकूण घसरण ५,१००. शिखरावरच्या प्रमाण विचलनाने मोजली तर ती दीडपट भरते, आजच्याने मोजली तर जवळजवळ दुप्पट. शिखरावरच्या एटीआरने अडीच, आजच्याने २.४. कापड तेच, पण एका दुकानदाराचा गज मोजता मोजता आखडतो. पुलबॅकची खोली सांगायची असेल तर मी एटीआर घेतो तो मुख्यतः यासाठी. आणि तोही शिखराच्या दिवशीचा गोठवून घेतो, म्हणजे घसरणीने स्वतःच वाढवलेला एटीआर घसरणीला लहान दाखवणार नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर निवाडा सोपा होता. पण पुलबॅकनंतर भाव बऱ्याचदा एका जागी रेंगाळतो आणि मग बोलिंजरचा आणखी एक गुण, किंवा अवगुण, समोर येतो. समजा पुढचे दहा दिवस क्लोज ६७,००० वरच राहिले आणि रोजचा चढउतार पुन्हा २,००० झाला. बोलिंजरची सरासरी ६८,३६०, प्रमाण विचलन १,७३० आणि खालची रेषा ६४,९०० वर. केल्टनरची खालची रेषा ६२,८५० च्या आसपासच. आता एखाद्या दिवशी भाव दिवसभरात ६४,९०० ला टेकला, तर बोलिंजर बघणारा म्हणेल दोन प्रमाण विचलनांची खोल घसरण झाली. प्रत्यक्षात भाव जेमतेम एका दिवसाच्या सर्वसाधारण चढउताराइतका हलला. भाव रेषेपर्यंत गेला नाही, रेषाच त्याच्यापर्यंत आली. म्हणून रेषेला स्पर्श दिसला की मी आधी दहा-बारा कॅंडल मागे जाऊन बघतो, कोण कुणाकडे चाललं होतं. रेषा जर भावाच्या दिशेने येत असेल तर त्या स्पर्शाला पुलबॅकची खोली म्हणून किंमत नाही.

हेच आखडणं दुसऱ्या कामाला मात्र मोलाचं आहे. ज्या बाजाराला दिशाच नाही, त्यात गणिताने बघितलं तर दोन प्रमाण विचलनं साधारण दोन ते सव्वादोन एटीआर भरतात. म्हणून बोलिंजर बँड दीड एटीआरच्या केल्टनर चॅनलच्याही आत शिरले, तर क्लोज रोजच्या चढउताराच्या मानाने विलक्षण दाटीने बसलेत, असा त्याचा अर्थ. यालाच चार्टवाले स्क्वीझ म्हणतात. पुढची चाल कोणत्या दिशेने जाईल हे त्यातून कळत नाही, पण पुलबॅक संपून बाजार नुसता बसलाय एवढं नक्की कळतं. म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच चार्टवर ठेवण्यात अर्थ आहे, फक्त एकीला दुसरीचं काम सांगायचं नाही.

आता एटीआरची दुखरी बाजू. मोठ्या कॉइनमध्ये उधारीवर घेतलेले सौदे खूप असतात. भाव एका पातळीखाली गेला की एक्सचेंज ते सौदे जबरदस्तीने बंद करतं, त्या विक्रीने भाव आणखी खाली जातो, आणखी सौदे बंद होतात. काही मिनिटांत भाव हजारोंनी कोसळतो आणि तासाभरात परत वर येतो. कॅंडलवर उरते ती लांब शेपटी, विक. आपल्या उदाहरणातल्या चोविसाव्या दिवशी असं झालं असं धरू. हाय ६८,०००, लो ६२,०००, क्लोज तोच ६६,९००. बोलिंजरचा एकही आकडा बदलत नाही, त्याच्या लेखी तो दिवस अगदी तसाच गेला. एटीआरची त्या दिवसाची ट्रू रेंज मात्र ६,००० होते, आणि एटीआर २,१५० ऐवजी २,४१० वर जातो.

यात बरोबर कोण? विक खरी असेल तर एटीआर. त्या दिवशी ६४,००० वर स्टॉप ठेवलेल्या माणसाचा सौदा गेलाच आणि क्लोजचा आकडा त्याला तो परत देणार नाही. बंदच न होणाऱ्या बाजारात क्लोज म्हणजे तरी काय, चार्टवाल्यांनी ठरवलेली एक वेळ, बहुतेक ठिकाणी यूटीसी मध्यरात्र. त्या एका क्षणाच्या भावावर सगळा हिशेब उभा करण्यापेक्षा दिवसाची दोन्ही टोकं बघणं मला पटतं.

पण विक खोटीही असू शकते, म्हणजे एकाच एक्सचेंजवर घडलेली. २१ ऑक्टोबर २०२१ ला बिटकॉइन सगळीकडे ६५,००० डॉलरच्या आसपास असताना एका अमेरिकी एक्सचेंजवर तो क्षणभर सुमारे ८,२०० पर्यंत पडला आणि लगेच वर आला. त्या एक्सचेंजच्या कॅंडलवरून एटीआर काढणाऱ्याला एका दिवसाची ट्रू रेंज ५७,००० च्या आसपास मिळाली असणार. आधीचा एटीआर ३,००० धरला तर तो एका फटक्यात ६,८५० होतो. आणि ही बाधा लवकर उतरतही नाही. वाइल्डरच्या पद्धतीत एका दिवसाचा परिणाम अर्धा व्हायला साधारण नऊ दिवस लागतात, वीस दिवसांनीही त्यातला पाव भागाला थोडा कमी इतका उरतो. तेवढ्या दिवसांत चॅनल इतका फुगलेला असतो की प्रत्येक घसरण त्यात मजेत मावते. ओळखायचं कसं, तर एटीआर एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त वाढला की तीच कॅंडल दुसऱ्या दोन मोठ्या एक्सचेंजवर उघडून बघायची. तिथे शेपटी नसेल तर आपल्या चार्टचा डेटा बदलायचा.

बोलिंजरला असली भुतं लागत नाहीत असं नाही, त्याचं भूत निराळं. भाव एका दिवसात मोठी उडी मारून नव्या पातळीवर स्थिर झाला, तर प्रमाण विचलन उडीच्या दिवशी सर्वांत मोठं नसतं. ते वाढत वाढत दहाव्या दिवशी कळस गाठतं, कारण तेव्हा खिडकीत निम्मे क्लोज जुन्या पातळीचे आणि निम्मे नव्या पातळीचे असतात. बाजार थंड होऊन आठवडा उलटलेला असतो आणि बँड मात्र तेव्हा सर्वांत रुंद! पुढे जुने क्लोज एकेक करून गळत जातात आणि विसाव्या दिवशी उडीचा मागमूसही उरत नाही.

हे सगळं चार्टवर रोज डोळ्यांनी मोजत बसायची गरज नाही. ट्रेडिंगव्ह्यूवर पुढच्या चार-पाच ओळी टाकल्या की दोन रेषा मिळतात. एक भाव मधल्या रेषेपासून किती एटीआर दूर आहे ते दाखवते, दुसरी किती प्रमाण विचलन दूर आहे ते.

```
//@version=5
indicator("ATR vs SD")
mid = ta.ema(close, 20)
plot((close - mid) / ta.atr(14), color=color.blue)
plot((close - ta.sma(close, 20)) / ta.stdev(close, 20), color=color.red)
```

एक बारीक गोष्ट: तयार केल्टनर चॅनलमध्ये एटीआरची लांबी १० दिलेली असते, इथे मी १४ घेतलीय, म्हणून आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. कुणी पायथॉनमध्ये पांडास वापरून हिशेब केला तर तिथलं `std()` २० ऐवजी १९ ने भागतं आणि बँड अडीच टक्क्यांनी रुंद येतात. त्यावरून भांडू नये.

निळी रेषा बघताना एका गोष्टीचा मात्र घात होऊ शकतो. एटीआरला दिशा कळत नाही. आपलं उदाहरण उलटं करा: भाव रोज ६०० ने उतरतोय, अगदी शांतपणे, दिवसाचा चढउतार फक्त १,५००. भाव सरासरीच्या ५,७०० खाली असेल, म्हणजे उणे ३.८ एटीआर, आणि तो तिथेच आठवडेच्या आठवडे राहील. ‘चॅनलच्या खालच्या रेषेला लागला की पुलबॅक संपला’ असं घोकलेला माणूस रोज विकत घेईल आणि रोज खाली जाईल. बोलिंजर इथे उणे १.६५ दाखवत राहील, खालच्या रेषेला स्पर्शही होऊ देणार नाही. त्याचं न बोलणं या एका प्रसंगी पथ्यावर पडतं.

म्हणून माझ्या लेखी पुलबॅकची जागा खालच्या रेषेवर नाहीच, मधल्या रेषेच्या आजूबाजूला आहे. ताणलेला भाव दोन-तीन एटीआरवरून परत मध्याकडे येतो, मधल्या रेषेपासून एक एटीआर खालपर्यंत जातो, आणि मधली रेषा स्वतः अजून वर चाललेली असते, तोवर त्याला पुलबॅक म्हणायला माझी हरकत नाही. उदाहरणात चोविसाव्या दिवशी भाव बरोबर मधल्या रेषेवर होता आणि रेषा नुकतीच सपाट झाली होती, म्हणजे काठावरची अवस्था. पुढे दिवसाचा क्लोज मधल्या रेषेपासून शिखराच्या एटीआरने दोन एटीआर खाली, म्हणजे ६३,००० च्या खाली गेला, तर मी त्याला पुलबॅक म्हणणं सोडून देतो. दिवसभरात तिथे टेकून परत आला तर नाही सोडत, पण आधी दुसऱ्या एक्सचेंजवरची शेपटी बघतो.